‘तुमचा पासवर्ड आज संपतोय’: एका स्क्रीनशॉटमागची चाळीस वर्षं

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची कॉम्प्युटरची कामं मी बघतो. परवा दुपारी तिथल्या हिशेबनीसांचा व्हॉट्सअॅपवर एक स्क्रीनशॉट आला. खाली लिहिलं होतं, “सर, हे खरंय का ओ? सहाच्या आत नाही केलं तर मेल बंद पडेल म्हणतंय.” त्यांनी एक शहाणपणा केला होता. बटण दाबायच्या आधी त्यावर बोट नुसतं दाबून धरलं होतं, त्यामुळे लिंक कुठे जाते तो पत्ताही चित्रात आला होता. नावं बदलून सांगायचं तर चित्र असं:

```
From: IT Support <support@amchetowel.example>
Subject: Password expires today
[ Keep Same Password ]
https://mail-renew.test/login?u=accounts@amchetowel.example
```

पाठवणारा कारखान्याच्याच पत्त्यावरचा आणि लिंक मात्र भलतीकडेच. मग यातला खोटा पत्ता कोणता? बरेच जण लिंककडे बोट दाखवतात. खरं तर उलट आहे. खोटा आहे तो वरचा पत्ता. लिंक अगदी खरी आहे, फक्त ती चोराच्या घरी जाते. हे असं का, ते समजायला ऑगस्ट 1982 पर्यंत मागे जावं लागतं.

त्या महिन्यात ईमेलचे दोन नियम-दस्तऐवज निघाले. आरएफसी 821 मध्ये पत्र एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कसं द्यायचं ते होतं, तर आरएफसी 822 मध्ये पत्राच्या आत काय कसं लिहायचं ते. म्हणजे एक नियम पाकिटाचा आणि दुसरा आतल्या कागदाचा. आपल्याला स्क्रीनवर ‘From’ म्हणून दिसतं ते कागदावरचं नाव. पाकिटावर एक आणि कागदावर दुसरंच नाव असलं तरी पोस्टमनला हरकत नव्हती, आणि दोन्ही खरी आहेत का हे विचारायची सोयच नियमांत नव्हती. तेव्हाचं जाळं विद्यापीठं, संशोधन संस्था आणि लष्कर एवढ्यांपुरतं होतं, त्यामुळे ते कुणाला खटकलंही नाही. कारखान्याच्या पत्त्याने पत्र लिहायला कारखान्याचा पासवर्ड लागत नाही, हे आजही कित्येक मालकांना सांगून पटत नाही.

पासवर्ड मागून घेण्याचा धंदा त्यानंतर दहा-बारा वर्षांनी, अमेरिकेतल्या एओएल या सेवेवर फोफावला. भामटे कंपनीचे कर्मचारी म्हणून गप्पांच्या खिडकीत यायचे आणि ‘खातं तपासायचंय, पासवर्ड सांगा’ म्हणायचे. ‘फिशिंग’ हा शब्द तिथलाच, गळ टाकण्यावरून आलेला. तेव्हा लिंकची गरजच नव्हती, कारण माणूस त्याच खिडकीत उत्तर टाइप करायचा. शेवटी ‘आमचा कोणीही कर्मचारी पासवर्ड विचारत नाही’ अशी सूचना एओएलला त्या खिडकीतच लावावी लागली.

ईमेलमध्ये ही युक्ती जशीच्या तशी चालत नाही. पत्त्याचं सोंग घेऊन लिहिलेल्या पत्राला उत्तर दिलं, आणि चोराने उत्तरासाठी वेगळा पत्ता दिलेला नसेल, तर ते खऱ्या पत्त्यावर जातं, चोराच्या हाती काहीच लागत नाही. त्याला उत्तर घ्यायला दुसरा रस्ता हवा होता. तो वेबपानांच्या भाषेने, म्हणजे एचटीएमएलने दिला. या भाषेत लिंकचे दोन भाग असतात: डोळ्यांना दिसणारा मजकूर आणि आत दडलेला पत्ता. दोन्ही जुळलेच पाहिजेत असा नियम नाही, आणि तो करताही येणार नाही, नाहीतर ‘इथे दाबा’ असं लिहिताच आलं नसतं. मेलमध्ये ही भाषा आली तशी बटणं आली.

म्हणून वर म्हटलं ते. पाठवणाऱ्याचं नाव खोटं लिहिता येतं, कारण तिथून चोराला काही परत यायचं नसतं. लिंकचा पत्ता मात्र त्याला खोटा लिहून चालत नाही. पासवर्ड त्याच्यापर्यंत पोचायचा तर तिथे त्याच्या ताब्यातलंच ठिकाण लागतं. सगळ्या पत्रात तेवढी एकच ओळ त्याला प्रामाणिकपणे लिहावी लागते, आणि बोट दाबून धरलं की तीच दिसते.

नाव चोरण्याला लगाम घालायचे प्रयत्न फार उशिरा झाले. कोणत्या सर्व्हरने आमच्या नावाने पत्र पाठवावं याची यादी, म्हणजे एसपीएफ, 2006 मध्ये. पत्रावर सही करणारं डीकेआयएम 2007 मध्ये. पण दोन्ही मुख्यतः पाकीट आणि सही बघतात. कागदावरच्या ‘From’शी त्यांचा मेळ बसतो का हे तपासणारं डीमार्क 2012 मध्ये पुढे आलं. आमच्या कारखान्याच्या डोमेनवर तेही होतं. फक्त असं:

```
v=DMARC1; p=none
```

शेवटच्या शब्दाचा अर्थ, मेळ बसला नाही तरी काही करू नका. कुलूप आणून दाराला नुसतं अडकवून ठेवलेलं. ते `p=quarantine` असतं तर ते पत्र बहुधा स्पॅममध्ये पडलं असतं. ही चूक हिशेबनीसांची नव्हती, माझी होती. आधी महिनाभर नुसतं बघू म्हणून ठेवलं आणि राहून गेलं.

आता ‘आज संपतोय’ याचं काय? ही भीती चोरांनी शोधलेली नाही, ती आम्ही कॉम्प्युटरवाल्यांनीच लोकांच्या अंगवळणी पाडली. विंडोजच्या ऑफिस नेटवर्कमध्ये पासवर्डचं आयुष्य मुळात 42 दिवस ठरवलेलं असतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेत बिल बर यांनी 2003 मध्ये लिहिलेल्या मार्गदर्शिकेने ठरावीक काळाने पासवर्ड बदलायच्या रिवाजाला आणखी बळ दिलं. लोक काय करायचे? शेवटचा आकडा एकने वाढवायचे. 2017 मध्ये त्याच संस्थेने, चोरीचा पुरावा असल्याशिवाय मुदत घालून पासवर्ड बदलायला लावू नका, असं सांगितलं, आणि बर यांनीही आपल्या सल्ल्याबद्दल खंत व्यक्त केली. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या शिफारशींतून ती मुदत काढली. तोवर मुदतीची खरी सूचना वर्षानुवर्षं पाहिलेला माणूस खोट्या सूचनेला फसणार, यात त्याचा भोळेपणा किती आणि आमची शिकवण किती?

स्क्रीनशॉटमधल्या बटणावर मात्र एक धागा सुटा राहिला होता. ‘आहे तोच पासवर्ड ठेवा.’ खरी मुदत संपली तर जुना पासवर्ड ठेवायची सोय कोण देईल? चोराला नवा पासवर्ड नकोच असतो, चालू असलेला हवा असतो. लिंकच्या शेपटीला हिशेबनीसांचा मेल पत्ता जोडलेला होता तो यासाठीच: पान उघडलं की पत्ता आधीच भरलेला दिसतो, फक्त पासवर्डची जागा रिकामी.

पत्ते वेगळे दिसले म्हणजे फसवणूकच, असं मात्र नाही. दुकानांची जाहिरातपत्रं कोणी किती वेळा दाबलं हे मोजायला लिंक तिसऱ्याच कंपनीमार्फत फिरवतात. मायक्रोसॉफ्टची सुरक्षा घेतली असेल तर प्रत्येक लिंक `safelinks.protection.outlook.com` अशी दिसते आणि खरा पत्ता तिच्या पोटात जातो. उलट, चोराने कारखान्याच्या नावात एखादं अक्षर बदलून स्वतःचं डोमेन घेतलं, तर पाठवणारा आणि लिंक दोन्ही जुळतील आणि डीमार्कही पास होईल. म्हणून मी दोघांची आपसात तुलना करत बसत नाही. लिंकमध्ये `//` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा भाग घेतो आणि तो उजवीकडून वाचतो, कारण खरं ठिकाण शेवटच्या तुकड्यांवरून ठरतं. इथे तो `mail-renew.test` निघाला. आपला मेल रोज ज्या पत्त्यावर उघडतो तो हा आहे का, एवढाच प्रश्न.

हिशेबनीसांना फोन केला. म्हटलं, “काका, तुमच्या मेलला मुदतच नाही. ती मी कधी लावलेलीच नाही.”

“मग सहा वाजता काय होणार?”

“काही नाही. तुम्ही नेहमीसारखं घरी जा.”

त्या संध्याकाळी `none` बदलून `quarantine` केलं.