आठशेला विकले, सहाशेला परत घेतले: ‘सद्द अल्-जराई’ची पार्श्वभूमी

हिंदी-उर्दूतून आपल्याही कानावर पडणारा ‘जरिया’ हा शब्द अरबी ‘जरीआ’वरून आला. अर्थ एकच: साधन, माध्यम. ‘जराई’ हे त्याचे अनेकवचन आणि ‘सद्द’ म्हणजे बांध घालणे, वाट अडवणे. जुने अरबी कोशकार या शब्दाचा आणखी एक अर्थ देतात. ज्या उंटिणीच्या आडून शिकारी सावजाच्या जवळ सरकतो, ती उंटीण म्हणजे जरीआ. मला हा अर्थ फार नेमका वाटतो. उंटीण आपली चरत असते, तिच्यात वावगे काही नाही. प्रश्न तिच्या आड कोण आहे याचा आहे. सद्द अल्-जराई हे इस्लामी विधिशास्त्रातले तत्त्व याच प्रश्नाभोवती फिरते. एखादी कृती मुळात वैध असली, तरी ती निषिद्ध गोष्टीकडे नेत असेल तर तिलाच मज्जाव करावा का?

तत्त्वाला आधार म्हणून कुराणातली एक आयत नेहमी दिली जाते. अल्-अनआम या सूरेतली ती १०८वी आयत सांगते की, इतर लोक ज्यांना पूजतात त्यांना शिव्या देऊ नका, नाहीतर तेही अज्ञानाने अल्लाहला शिव्या देतील. इथे वाट खुद्द ग्रंथानेच अडवली आहे, त्यामुळे त्यावर कोणाचा वाद नाही. वाद सुरू होतो तो जिथे ग्रंथ गप्प आहे आणि न्यायशास्त्र्याला स्वतःच्या अंदाजाने वाट अडवायची आहे, तिथे. आणि तो सर्वांत जोरात झाला बाजारात.

त्या वादाच्या मुळाशी एक कथन आहे. पैगंबरांचे सहकारी जैद इब्न अर्कम यांना एका बाईने एक गुलाम ८०० दिरहमांना उधार विकला. पैसे सरकारी तनखा मिळेल तेव्हा द्यायचे होते. मुदत संपण्याआधीच जैद यांना रोकड लागली, तेव्हा त्याच बाईने तो गुलाम ६०० दिरहम रोख देऊन परत घेतला. तिने हे पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांना सांगितले. त्या संतापून म्हणाल्या की तुझी विक्रीही वाईट आणि खरेदीही वाईट. जैद यांना सांग, त्यांनी पश्चात्ताप केला नाही तर पैगंबरांसोबत केलेला त्यांचा जिहाद वाया गेला.

आता हिशेब पाहा. गुलाम जिथल्या तिथे परतला. जैद यांच्या हातात आज ६०० आले आणि पुढे त्यांना ८०० द्यायचे आहेत. दोन्ही व्यवहार एकेकटे पाहिले तर निर्दोष आहेत. एकत्र पाहिले तर २०० दिरहमांचे व्याज दिसते. या प्रकाराला ‘बैअ अल्-ईना’ म्हणतात. महाराष्ट्रातल्या वाचकाला मुदत-खरेदी आठवेल, ज्यात कागदावर जमिनीची विक्री असते आणि गावाला ते कर्ज असल्याचे ठाऊक असते.

मदिनेचे इमाम मालिक (मृत्यू ७९५) आणि त्यांच्या परंपरेने हा व्यवहार सरळ रद्द ठरवला. मालिकी पंथाचे वैशिष्ट्य असे की त्यांना त्या विशिष्ट माणसाचा हेतू सिद्ध करायची गरज वाटत नाही. अशा जोडव्यवहारामागे लोकांचा व्याजाचा हेतू वारंवार असतो, एवढे पुरते. त्यांनी याचे कोष्टकच मांडले. परतखरेदीची किंमत मूळ किमतीइतकी, कमी किंवा जास्त असू शकते. आणि पैसे रोख, मूळ मुदतीआधी, त्याच मुदतीला किंवा नंतर दिले जाऊ शकतात. असे १२ प्रकार होतात. त्यांपैकी निषिद्ध फक्त ३: कमी किंमत रोख, कमी किंमत मुदतीआधी आणि जास्त किंमत मुदतीनंतर. तिन्हींत एकाच्या हातून आधी थोडे जाते आणि नंतर त्याच हातात जास्त येते. उरलेल्या ९ प्रकारांना मोकळीक आहे. हे तत्त्व म्हणजे सरसकट संशय नव्हे, हे या कोष्टकावरून कळते.

इमाम शाफई (मृत्यू ८२०) हे मालिक यांचेच शिष्य, पण इथे त्यांनी गुरूंची वाट सोडली. आयशांचे कथन विश्वासार्ह नाही, असे त्यांनी म्हटले. खरे मानले तरी आयशांचा आक्षेप तनख्याच्या अनिश्चित मुदतीवर असू शकतो. शिवाय जैद हेही पैगंबरांचे सहकारीच, आणि तर्क त्यांच्या बाजूने आहे. शाफईंचे मूळ म्हणणे यापेक्षा खोल आहे. न्यायाधीशाने उघड दिसेल त्यावर निवाडा करावा, मनातले अल्लाह जाणतो. अट करारातच घातली असेल तर करार मोडा, पण आधी-नंतर काय घडले त्यावरून संशय घेऊन मोडू नका. याला पळवाटांची पाठराखण म्हणणे अन्याय होईल. प्रामाणिक माणूस संशयाच्या जाळ्यात अडकू नये, ही त्यामागची काळजी खरी आहे. मुस्लिम अमलाखालच्या स्पेनमधले, ग्रंथाच्या शब्दार्थालाच धरून चालणाऱ्या जाहिरी पंथाचे इब्न हज्म (मृत्यू १०६४) यांनी तर हे तत्त्वच मुळापासून नाकारले.

हनफी पंथाचे पंडित मधे राहिले. त्यांनी ईनाला विरोध केला तो बहुधा वेगळ्या कारणाने: पहिली किंमत हाती आलेलीच नसताना दुसरा सौदा कसा? त्यांच्यातही एकमत नव्हते. अबू युसूफ यांनी मुभा दिली, तर मुहम्मद इब्न अल्-हसन यांना हा व्यवहार मनावर डोंगराएवढा जड वाटला. व्याजखोरांनी तो शोधून काढला, असे ते म्हणाले.

मालिकींच्या बरोबरीने या तत्त्वावर भिस्त ठेवली ती हंबलींनी. पंथाच्या आधीच्या ग्रंथांत ईनाची मनाई होतीच, पण तत्त्वाला मोठा पसारा दिला तो दमास्कसच्या इब्न तैमिया (मृत्यू १३२८) आणि त्यांचे शिष्य इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांनी. इब्न कय्यिम यांनी ९९ उदाहरणे जमवली आणि हे तत्त्व धर्माचा चौथा हिस्सा असल्याचे लिहिले. मात्र मर्यादाही त्यांनीच सांगितली: केवळ साधन म्हणून जे निषिद्ध आहे, ते मोठ्या हितासाठी मोकळे होते. त्याआधी इजिप्तमधले मालिकी पंडित कराफी (मृत्यू १२८५) यांनी दोन टोके दाखवली होती. रहदारीच्या रस्त्यात विहीर खणणे सगळेच अडवतात. दारू होईल म्हणून द्राक्षाची बाग लावणे कोणीच अडवत नाही. मतभेद ईनासारख्या मधल्या प्रकारांत आहे. हे तत्त्व एकट्या मालिकींचे नाही, आम्ही ते इतरांपेक्षा जास्त वापरले एवढेच, असेही त्यांनी नोंदवले.

द्राक्षबागेची ती मर्यादा सुटली की काय होते, हे सौदी अरेबियात दिसले. स्त्रियांनी गाडी चालवण्यात मुळात काही निषिद्ध नाही, पण त्यातून पुढे अनाचार होईल, या युक्तिवादावर तिथल्या हंबली परंपरेतल्या धर्मपंडितांनी मनाईचे समर्थन केले. ती बंदी जून २०१८मध्ये उठली. कराफींची कसोटी लावली असती तर दूरच्या शक्यतेवरची ही मनाई टिकली नसती, असे माझे मत आहे.

ईनाचा जुना वाद मात्र आजही बँकांत चालू आहे. मलेशियात शाफई पंथाचे वर्चस्व आहे, आणि तिथल्या इस्लामी बँकांनी ग्राहकाला रोकड देण्यासाठी ईना वर्षानुवर्षे वापरला. आखाती देशांतल्या बहुतेक पंडितांनी तो नाकारला. पुढे २०१२मध्ये मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेने नियम कडक केले: दोन्ही करार वेगळे हवेत आणि परतखरेदीची अट करारात असता कामा नये. ग्राहकाच्या मनात काय आहे, हे या नियमातही विचारलेले नाही. करारात काय लिहिले आहे तेच पाहिले आहे.