खुर्ची एक, गिऱ्हाइकाचे प्रश्न तीन

मार्केटिंग फनेल म्हणजे नरसाळं. वर रुंद तोंड, खाली अरुंद नळी. १९२४ मध्ये विल्यम टाउनसेंड यांनी रोखे विकण्याविषयीच्या पुस्तकात विक्रीच्या टप्प्यांना ही उपमा दिली आणि ती आजवर टिकली. वरच्या टप्प्याला अवेअरनेस म्हणतात, मधल्याला कन्सिडरेशन आणि खालच्याला कन्व्हर्जन. पहिल्या वर्षाला ही नावं पटकन पाठ होतात. पण प्रत्येक टप्प्यावर जाहिरातीतला मजकूर का बदलावा लागतो, हे नावांवरून कळत नाही. ते कळायला गिऱ्हाइकाच्या डोक्यात त्या क्षणी कोणता प्रश्न आहे, हे पाहावं लागतं.

एकच वस्तू घेऊ: टेबलापाशी बसून काम करण्याची खुर्ची. कमरेमागचा आधार वर-खाली करता येतो, हा तिचा विशेष.

आता एक बाई डोळ्यांसमोर आणा. त्या रोज आठ तास बसून काम करतात आणि दुपारनंतर त्यांची पाठ भरून येते. याचा दोष त्या अपुऱ्या झोपेला देतात, कधी वयाला. खुर्चीचा विचार त्यांच्या मनातही नाही. अशा वेळी ‘आमच्या खुर्चीवर २० टक्के सूट’ ही जाहिरात समोर आली, तर त्यांची नजर त्यावरून सरळ पुढे जाते. खुर्ची घ्यायचीच नाही, तर सूट कशावर? जाहिरात वाईट नाही. ती फक्त अशा प्रश्नाचं उत्तर देते आहे, जो अजून पडलेलाच नाही.

त्यांना पडलेला प्रश्न आहे: माझी पाठ का दुखते? म्हणून वरच्या टप्प्यावरचा मजकूर असा असू शकतो: ‘बसल्या जागी कमरेमागे हात घालून पाहा. तळवा आरपार जातो का? मग तिथे पाठीला आधारच नाही.’ सोबत त्या पोकळीचं एक साधं चित्र. वाचणारी व्यक्ती तिथल्या तिथे हात मागे नेऊन बघते आणि दुखण्याचा संबंध पहिल्यांदा खुर्चीशी जुळतो. या टप्प्याचं काम एवढंच. कंपनीचं नाव कोपऱ्यात लक्षात राहील असं असलं तरी पुरे. चाकं कशाची, हात किती इंच वर होतात, यातलं काहीही इथे नको.

काही दिवसांनी त्याच बाई शोधाशोध करू लागतात. आता प्रश्न बदलला आहे: यावर उपाय कोणता, आणि तो मला जमेल का? समोर पर्याय बरेच आहेत. सध्याच्याच खुर्चीला लावायची उशी आहे, उभं राहून काम करायचं टेबल आहे, दुसऱ्या कंपन्यांच्या खुर्च्या आहेत. इथे ‘पाठ दुखते का?’ असं पुन्हा विचारलं, तर त्या म्हणतील, हो, तेवढं कळलं, पुढे बोला.

मला हा मधला टप्पा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि बहुतेक ठिकाणी तोच सगळ्यांत दुबळा असतो. इथे मापं लागतात. बैठकीची खोली हे त्यातलं एक. मागे टेकून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचं अंतर राहायला हवं. बैठक जास्त खोल असेल, तर कमी उंचीची व्यक्ती पुढे सरकून बसते आणि कमरेमागचा आधार असून नसल्यासारखा होतो. म्हणजे ज्यासाठी खुर्ची घेतली, तेच मिळत नाही. हे चित्रासह समजावून सांगायचं, आपली खुर्ची किती उंचीपासून किती उंचीपर्यंत बसते ते स्पष्ट लिहायचं आणि कोणाला ती बसणार नाही, हेही लिहायचं. त्यामुळे काही गिऱ्हाइकं जातील. पण खुर्ची विकत घेऊन परत पाठवणारी तीच होती.

शेवटी खुर्ची कार्टमध्ये पडते. आता प्रश्न पुन्हा निराळा आहे, आणि खरं तर ती धास्ती आहे: बसली नाही तर? जोडून कोण देणार? येणार कधी? इथे पुन्हा मापांचा तक्ता पुढे केला, तर मिटलेला विषय नव्याने उघडतो आणि माणूस परत तुलना करायला जातो. इथे तीन छोटी वाक्यं हवीत. गुरुवारी घरी पोहोचेल. जोडायचा पाना खोक्यातच आहे, एकट्याने जोडता येते. ३० दिवसांत परत करता येईल.

आता आकड्यांकडे येऊ. समजा, एका महिन्यात १ लाख लोकांनी जाहिरात पाहिली. २,००० जण साइटवर आले, ४०० जणांनी मापांचं पान उघडलं, १०० जणांनी खुर्ची कार्टमध्ये टाकली आणि ३० जणांनी विकत घेतली. गळती कुठे आहे? विद्यार्थी हमखास पहिल्या पायरीकडे बोट दाखवतात, कारण तिथे १०० पैकी ९८ गेले. पण नरसाळ्याची उपमा नेमकी इथेच फसवते. खऱ्या नरसाळ्यात ओतलेलं सगळं खाली येतं. इथे बहुतेकांना खुर्ची नकोच आहे आणि त्यांनी बाहेर पडणंच योग्य आहे. म्हणून पायऱ्यांची तुलना एकमेकींशी करायची नाही, प्रत्येक पायरीची तिच्याच मागच्या महिन्याशी करायची. मागच्या महिन्यात कार्टमधल्या १०० पैकी ४५ जणांनी खरेदी केली होती आणि आता ३०, असं दिसलं, तर बिघाड शेवटच्या पायरीवर आहे. कदाचित पोहोचण्याची तारीख पानावरून गायब झाली असेल. अशा वेळी वरची जाहिरात दुप्पट केली, तर खर्च दुप्पट होतो आणि गळती तशीच राहते.

उलटी चूकही होते. वरच्या जाहिरातीत मोठी सूट टाकली की साइटवर येणारे २,००० चे ४,००० होतात आणि ऑफिसात आनंद होतो. पण मापांचं पान उघडणारे ४०० चे ४१० च झालेले असतात. जास्तीचे आले ते सूट बघायला, पाठीसाठी नव्हे. वरचा मजकूर बदलला की आत येणारी माणसंच बदलतात, त्यामुळे प्रत्येक पायरीचा आकडा त्याच्या पुढच्या पायरीसोबतच वाचावा लागतो.

अर्थात, माणसं सरळ रांगेत खाली येत नाहीत. कुणी कार्टपासून परत तुलनेकडे जातं, कुणी मित्राच्या सांगण्यावरून थेट शेवटच्या पायरीवर उतरतं. म्हणून मजकूर ठरवताना ‘ही व्यक्ती कोण’ यापेक्षा ‘तिने आत्ता काय केलं’ हे बघतात. मापांचं पान दोनदा उघडणारी व्यक्ती मधल्या टप्प्यावर आहे, मग ती कुठूनही आलेली असो.

शेवटच्या टप्प्यावरची आकडेवारी वाचताना तर फारच जपायला हवं. कार्ट अर्धवट सोडलेल्यांना पुन्हा तीच खुर्ची दाखवणारी जाहिरात, म्हणजे रीटार्गेटिंग, अहवालात नेहमी चमकते. खरं काय ते तपासायची रीत सोपी आहे. अशा २,००० जणांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, १,००० जणांना जाहिरात दाखवायची, बाकीच्यांना नाही. समजा, पाहणाऱ्यांपैकी ३३० जणांनी खरेदी केली आणि न पाहणाऱ्यांपैकी ३०० जणांनी. अहवाल ३३० विक्रींचं श्रेय त्या जाहिरातीला देईल. तिच्यामुळे झालेल्या विक्री मात्र ३० च आहेत. बाकीच्या ३०० जणांचा निर्णय आधीच झाला होता. त्यांतल्या कितीतरी जणांचा बहुधा कमरेमागे हात घालून पाहिला त्या दिवशी सुरू झाला, आणि त्या जाहिरातीच्या नावावर अहवालात एकही विक्री दिसत नाही.