आलेखाचे भाषांतर आणि आकड्यांचे रूपांतर: धरणसाठ्याच्या एका फोटोवरून

पावसाळ्यात निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी, खानापूर या भागांत धरणांच्या पाणीसाठ्याचे कन्नड आलेख फोटोच्या रूपात मोबाइलवर फिरू लागतात आणि कोणीतरी ते घाईघाईने मराठीत करून पुढे पाठवते. दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या आणि घटप्रभेच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यासाठी तो आलेख म्हणजे मोटार नदीतून कधी काढायची आणि जनावरे कधी हलवायची याची माहिती असते. म्हणून त्यातला एकही आकडा घसरता कामा नये. तो घसरतो तेव्हा बहुधा भाषा कच्ची असल्यामुळे घसरत नाही. दोन वेगळी कामे एकच समजली जातात, हे त्याचे कारण असते: एक, आलेखावरील शब्दांचे भाषांतर, दुसरे, आलेखावरील आकड्यांचे एका एककातून दुसऱ्या एककात रूपांतर.

भाषांतरात शब्द बदलतात, पण मोजमाप जसेच्या तसे राहते. अक्षावरचे ‘टीएमसी’ टीएमसीच राहते, खुणांवरचे १०, २०, ३० तेच राहतात. अंकांची लिपी बदलून ते देवनागरीत लिहिले तरी ते भाषांतरच होय, कारण संख्या बदललेली नसते. मात्र लिपी बदलायची तर अक्ष, स्तंभांवरचे आकडे, तारखा आणि तळटीप या सर्व ठिकाणी बदलावी, अर्धी मूळ लिपी अर्धी देवनागरी ठेवू नये. रूपांतरात संख्याच बदलते. टीएमसीचे दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर, करायचे ठरवले की अक्षाच्या नावापासून तळटिपेपर्यंतचा प्रत्येक आकडा त्याच गुणकाने बदलावा लागतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, आणि ते सुमारे २८.३२ दलघमी होतात.

एक काल्पनिक आलेख घेऊन पाहू. हुक्केरी तालुक्यातील हिडकल धरणाची साठवणक्षमता सुमारे ५१ टीएमसी आहे, म्हणून डाव्या अक्षावर ० ते ६० टीएमसी, दर दहावर एक आडवी रेघ. निळे स्तंभ साठ्याचे. उजव्या अक्षावर क्युसेक, म्हणजे दर सेकंदाला वाहणारे घनफूट पाणी, आणि त्याला जोडलेल्या दोन रेषा: तांबडी ‘ओळहरिवु’ची, म्हणजे आवकेची, आणि हिरवी ‘होरहरिवु’ची, म्हणजे विसर्गाची. पहिल्या दिवशी साठा ४० टीएमसी, दुसऱ्या दिवशी ४१.५; मधल्या चोवीस तासांची सरासरी आवक २३,००० क्युसेक आणि विसर्ग ५,८०० क्युसेक.

याचे भाषांतर करताना पहिले काम शब्द ठरवून घेण्याचे आहे. साठा, आवक, विसर्ग हे तीन शब्द आधी कागदावर लिहावेत आणि शीर्षक, अक्ष, रंगांचा अर्थ सांगणारी सूची व तळटीप यांत तेच वापरावेत. सूचीत ‘आवक’ आणि अक्षावर ‘येणारे पाणी’ लिहिले, तर वाचकाला त्या दोन वेगळ्या गोष्टी वाटू शकतात. दोन अक्षांच्या आलेखात मी आणखी एक गोष्ट आवर्जून करतो: सूचीतील प्रत्येक नोंदीपुढे तिचा अक्षही लिहितो, ‘साठा, टीएमसी, डावा अक्ष’ आणि ‘आवक, क्युसेक, उजवा अक्ष’ असा. मूळ आलेखात ते लिहिलेले नसले तरी चालते; त्याने माहिती बदलत नाही, आणि निळ्या स्तंभाची उंची कोणी उजव्या अक्षावर वाचण्याचा धोका जातो.

रूपांतरात अडचण वेगळी असते, आणि ती फोटोमुळे अधिक बिकट होते. फोटोतल्या आडव्या रेघा हलत नाहीत. त्यांचे आकडे दलघमीत केले तर १०, २०, ३०, ४० यांच्या जागी २८३, ५६६, ८५०, १,१३३ असे आकडे येतात. ते बरोबर असतात, पण वाचायला बेढब दिसतात, म्हणून करणाऱ्याला ते ३००, ६००, ९००, १,२०० असे गोल करण्याचा मोह होतो. इथेच घात होतो. ४० टीएमसीचा स्तंभ आता १,२०० दलघमी दाखवू लागतो, म्हणजे खऱ्यापेक्षा सुमारे ६७ दलघमी जास्त, जे जवळजवळ २.४ टीएमसी होतात. आपल्या उदाहरणात धरणात दिवसभरात आलेले सगळे पाणी दोन टीएमसीच आहे. गोल खुणा हव्याच असतील तर मूळ आकड्यांवरून आलेख नव्याने काढावा, म्हणजे रेघाही नव्या जागी पडतात.

दुसरी चूक याहून जास्त आढळते: अक्षाचे नाव ‘दलघमी’ केले जाते आणि खुणा टीएमसीच्याच राहतात. मग ४० टीएमसीचा साठा ४० दलघमी होतो, म्हणजे दीड टीएमसीपेक्षाही कमी, आणि निम्म्याहून अधिक भरलेले धरण कोरडे दिसू लागते. हे शब्दांचे भाषांतर समजून केलेले अर्धवट रूपांतर आहे. माझे स्पष्ट मत असे की सीमाभागासाठी फोटोवर रूपांतर करूच नये. टीएमसी आणि क्युसेक दोन्ही बाजूंच्या बातम्यांत चालतात आणि काठावरच्या माणसाला ते ठाऊक आहेत. दलघमी द्यायचेच असेल तर आलेखाखाली एका वाक्यात गुणक द्यावा.

काम पूर्ण झाल्यावर ते तपासण्याची एक खात्रीची रीत याच आकड्यांत आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद असल्याने ११,५७४ क्युसेकचा प्रवाह चोवीस तासांत एक टीएमसी पाणी आणतो. २३,००० क्युसेकने सुमारे दोन टीएमसी येतात, ५,८०० क्युसेकने अर्धा टीएमसी जातो, म्हणून साठा दीड टीएमसीने वाढला पाहिजे. स्तंभ ४० वरून ४१.५ वर गेलेला आहे, म्हणजे मेळ बसतो. सूची लिहिताना आवक आणि विसर्ग यांची अदलाबदल झाली असती, तर हिशेबाने साठा दीड टीएमसीने घटायला हवा होता आणि स्तंभ मात्र चढलेला दिसला असता. अंधूक फोटोत इंग्रजी तीन आणि आठ सारखे दिसतात. २३,००० ऐवजी २८,००० वाचले गेले असते, तर साठा ४१.९ च्या आसपास यायला हवा होता, आणि ४१.५ पाहून मूळ फोटो पुन्हा मोठा करून पाहावा लागला असता.

या तपासणीला एक मर्यादा आहे. आवक चोवीस तासांची सरासरी असेल तरच हिशेब जुळतो. काही तक्त्यांत सकाळी घेतलेली एकच नोंद असते, आणि पाऊस जोरात असताना ती दिवसभराच्या सरासरीपासून बरीच दूर असू शकते. म्हणून मूळ आलेखाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘सरासरी’ किंवा नोंदीची वेळ लिहिलेली असेल, तर तीही मराठीत उतरवावी; फोटो कापताना तीच ओळ सर्वांत आधी जाते.