मूल बसमध्ये चढलं नाही, हे यंत्राला कळतं कसं?

शाळेच्या बसमध्ये ‘ट्रॅकिंग’ बसवलं की पालकांच्या गटांवर एक वाक्य हमखास फिरतं: ‘आता कार्डात चिप आहे, मूल कुठे आहे ते मोबाइलवर दिसणार.’ हा समज चुकीचा आहे, आणि त्याच्यामुळे पालक भलत्याच गोष्टीवर विसंबून राहतात, म्हणून आधी तोच दूर करू. मुलाच्या गळ्यातल्या कार्डात ना बॅटरी असते, ना जीपीएस. मोबाइलच्या नकाशावर सरकणारा ठिपका बसचा असतो. मूल त्या बसमध्ये आहे की नाही, याबद्दल तो ठिपका काहीही सांगत नाही.

कार्डाचं काम अगदी थोडक्यात आटोपतं. बसच्या दाराशी असलेल्या रीडरमध्ये तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तनं करत उलटसुलट दिशा बदलणारा विद्युतप्रवाह, म्हणजे १३.५६ मेगाहर्ट्झचा प्रवाह, वाहत असतो. त्यामुळे भोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. कार्डाच्या प्लास्टिकच्या थरांमध्येही असंच पातळ वेटोळं असतं. ते या क्षेत्रात आलं की त्यात वीज निर्माण होते. शाळेत शिकलेलं फॅराडेचं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. तेवढ्या विजेवर चिप क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि कार्ड दूर गेलं की बंद पडते. हे सगळं पाच-दहा सेंटिमीटरच्या आत घडतं. कार्डातून ‘किरण’ बाहेर पडतात म्हणून ते मुलाच्या छातीजवळ नको, अशी भीती काही पालकांना वाटते. ती निराधार आहे. रीडरपासून लांब असताना ते कार्ड म्हणजे निव्वळ प्लास्टिक आणि तांबं.

तेव्हा ‘बीप’ वाजला की कळतं ते इतकंच: या क्रमांकाचं कार्ड, या वेळी, या बसच्या दारात होतं. पालकांना हवी असते ती बातमी मात्र उलटी आहे. मूल चढलं नाही, हे त्यांना कळायला हवं. आणि न चढलेलं मूल कुठलाच बीप वाजवत नाही. न घडलेल्या गोष्टीची नोंद कोणताही सेन्सर करत नाही. ‘चढलं नाही’ हे नेहमी हिशेबातून काढावं लागतं, आणि तो हिशेब कसा मांडला आहे यावर अख्ख्या व्यवस्थेचा कस ठरतो.

हिशेबाला पहिली गोष्ट लागते ती अपेक्षित मुलांची यादी. सकाळी आई-बाबा किंवा आजोबा बहुतेक वेळा स्टॉपवर असतात, मूल चढल्याचं डोळ्यांनी बघतात. खरा धोका दुपारी शाळा सुटताना असतो. आवारात दहा-पंधरा पिवळ्या बस ओळीने उभ्या, सगळ्या दिसायला सारख्या. त्यामुळे दुपारची यादी रोज नव्याने करावी लागते: या बसची नेहमीची मुलं, त्यांतून आज वर्गात गैरहजर असलेली वजा आणि पालक स्वतः न्यायला येणार आहेत असं कळवलेली वजा. वर्गातली हजेरी आणि बसची यादी या दोन वह्या एकमेकींशी जोडलेल्या नसतील, तर घरी तापाने झोपलेल्या मुलाच्या आईलाही ‘तुमचं मूल बसमध्ये चढलं नाही’ असा निरोप जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे हिशेब बंद करायची वेळ. रांगेतली मुलं अजून चढत असतानाच बंद केला तर खोटे इशारे जातील. घरचा स्टॉप येईपर्यंत थांबलो तर अर्धा तास हातचा गेलेला असेल. म्हणून वेळ दोन टप्प्यांत ठरवावी असं माझं ठाम मत आहे. काकांनी इंजिन सुरू केलं की पहिला टप्पा. तेव्हा न चढलेल्या मुलांची नावं फक्त बसमधल्या मावशींच्या मोबाइलवर लाल दिसावीत. बस शाळेच्या हद्दीबाहेर पडली की दुसरा, आणि तेव्हाही नाव लालच असेल तर निरोप पालकांना. ही हद्द म्हणजे नकाशावर आखलेलं वर्तुळ. जीपीएस उघड्या आकाशाखाली साधारण पाच-दहा मीटरपर्यंत अचूक असतं, पण उंच इमारतींवरून परावर्तित होणाऱ्या लहरींमुळे ते कितीतरी जास्त चुकू शकतं. वर्तुळ फारच लहान असेल तर उभी बससुद्धा ‘निघाली’ असं दिसेल. वर्तुळ शंभरेक मीटरचं ठेवून बाहेरच्या सलग तीन नोंदी आल्यावरच बस निघाली असं मानलं, तर ही चूक बहुतेक टळते.

आता एक दुपार प्रत्यक्ष बघू. समजा बसमध्ये नेहमीची ४० मुलं आहेत. आज एक गैरहजर, एकीला बाबा न्यायला येणार. म्हणजे अपेक्षित ३८. साडेबाराला शाळा सुटते. १२:४३ला इंजिन सुरू होतं तेव्हा बीप झालेत ३६. मावशींच्या मोबाइलवर दोन नावं लाल: आर्या आणि विहान. मावशी आत चक्कर मारतात. आर्या मागच्या सीटवर बसलेली आहे, कार्ड घरी राहिलंय. तिच्या नावावर त्या ‘बसमध्ये आहे’ असं नोंदवतात. विहान मात्र कुठेच नाही. इथे व्यवस्थेने आधी एक गोष्ट तपासायला हवी: विहानचं कार्ड दुसऱ्या एखाद्या बसमध्ये वाजलंय का? चुकीच्या बसमध्ये चढलेलं मूल तिथे बीप वाजवूनच चढतं, त्यामुळे तो शोध क्षणात लागतो. तिथेही नसेल तर मावशी फाटकावर फोन करतात, बस थांबते, आणि बाथरूम, मैदान, वर्ग अशी शोधाशोध शाळेच्या आवारातच सुरू होते. मूल हरवल्याची शंका आणि शोध यांच्यात इथे दोन मिनिटांचंही अंतर पडत नाही.

मावशींना मध्ये का घ्यायचं, सरळ पालकांनाच निरोप का नाही? ‘मानवी हस्तक्षेपाशिवाय शंभर टक्के स्वयंचलित’ अशी जाहिरात करणाऱ्यांना हाच प्रश्न उलटा विचारावा. अशा काही व्यवस्थांत कार्ड टेकवावंच लागत नाही. दप्तरात टॅग असतो आणि दारावरचा अँटेना तो काही मीटरवरून वाचतो, फास्टॅगसारखा. भारतात या लहरी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या असतात, लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर. त्या पाण्यात शोषल्या जातात आणि धातूवरून परततात. दप्तरात टॅगला चिकटून पाण्याची बाटली आणि स्टीलचा डबा, भोवती मुलांची गर्दी. मुलांच्या शरीरातही बहुतांश पाणीच. काही टॅग वाचले जात नाहीत आणि, सगळ्यात वाईट म्हणजे, ते वाचले गेले नाहीत हे त्या क्षणी कुणालाच कळत नाही. कार्ड टेकवायच्या पद्धतीत बीप वाजला नाही तर मूल तिथेच थबकतं, मागचा ओरडतो, कार्ड पुन्हा टेकवलं जातं.

समजा, ५० वाचनांत एक चुकतं. ऐकायला हे ९८ टक्के अचूक आहे. पण एका फेरीत ४० मुलं असतील तर पाच फेऱ्यांत २०० वाचनं होतात आणि चार खोटे इशारे जातात. महिन्यात वीस दिवस, दिवसाला दोन फेऱ्या, म्हणजे महिन्याला ३२ खोटे इशारे. मूल खरोखरच न कळवता चढलं नाही, असं बसमागे महिन्यातून एकदा घडतं असं धरलं, तर ३३ निरोपांत एक खरा. एका पालकाच्या बाजूने बघा: शाळेच्या चारेक वर्षांत सरासरी ३२ वेळा उगाच काळजात धस्स होणार आणि एकदाच कारण खरं असणार. तोवर त्याने तो निरोप उघडणंही सोडलेलं असेल. मावशींनी आधी खात्री केली आणि वीसात एखादीच चूक त्यांच्या नजरेतून सुटली, तर त्या ३२चे दीडेक उरतात. मग दर दोन-तीन निरोपांत एक खरा ठरतो, आणि असा निरोप आला की माणूस फोन उचलतो.

यात नोंद न दिसण्याचा आणखी एक अर्थ लपलेला असतो: मूल चढलं असेल, बीपही वाजला असेल, पण बसलाच नेटवर्क नसेल. घाटात, तळघरातल्या पार्किंगमध्ये हे नेहमी होतं. रीडर नोंदी वेळेसकट साठवून ठेवतो आणि नेटवर्क आल्यावर पाठवतो. पण तोपर्यंत सर्व्हरला बसमधली सगळीच मुलं गायब दिसतात. त्यावर उपाय सोपा आहे. यंत्राने बीप असो वा नसो, दर अर्ध्या मिनिटाला ‘मी चालू आहे’ एवढं कळवत राहायचं. हे कळवणं चालू असताना एखाद्या मुलाची नोंद नसेल तर शंका मुलाबद्दल. कळवणंच थांबलं असेल तर शंका यंत्राबद्दल. दुसऱ्या वेळी निरोप शाळेच्या परिवहन विभागाला जायला हवा आणि त्यांनी मावशींना फोन करायला हवा. चाळीस घरांत एकदम घबराट पसरवायचं काही कारण नाही.

मावशींच्या पातळीवर होणारी गडबडही नोंदींतूनच पकडता येते. मुलं कार्डं हरवतात म्हणून काही ठिकाणी सगळी कार्डं मावशींकडेच गठ्ठ्याने ठेवतात आणि त्या ती एकामागून एक टेकवतात. तसं झालं की हजेरी कार्डांची लागते, मुलांची नाही. चढताना मुलं अडखळतात, थांबतात, मित्राची वाट बघतात. नोंदींमधलं अंतर कधी चार सेकंद, कधी वीस. दीड-दीड सेकंदाच्या सारख्या अंतराने तीस नोंदी दिसल्या तर तो गठ्ठाच. तसंच चार लाल नावं तीन सेकंदांत ‘आहे’ झाली असतील तर कुणीही मागच्या सीटपर्यंत गेलेलं नाही.

उतरण्याच्या नोंदीलाही हेच लागू. सप्टेंबर २०२२मध्ये जपानच्या माकिनोहारा शहरात बालवाडीची तीन वर्षांची मुलगी बसमध्येच राहिली आणि सुमारे पाच तासांनी मृतावस्थेत सापडली. ती वर्गात नाही हे शिक्षिकेच्या लक्षात आलं होतं, पण घरी फोन गेला नाही. त्यानंतर एप्रिल २०२३पासून तिथे अशा बसमध्ये सुरक्षा उपकरण सक्तीचं झालं. त्याच्या एका प्रकारात इंजिन बंद करताच भोंगा वाजू लागतो आणि तो थांबवायचं बटण बसच्या मागच्या टोकाला असतं. ते दाबायला जाताना प्रत्येक सीट नजरेखालून जाते.

आपल्या शाळेची व्यवस्था तपासायची असेल तर शाळेला आणि मावशींना आधी सांगून एक दुपार निवडा. मूल बसमध्ये चढवा, पण कार्ड टेकवू नका, आणि मावशींनाही त्या दिवशी लाल नाव मुद्दाम तसंच ठेवायला सांगा. बस फाटकाबाहेर पडल्यापासून निरोप यायला किती मिनिटं लागली ते मोजा. नुसतं ॲपचं नोटिफिकेशन आलं असेल तर ते बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमुळे उशिराही येऊ शकतं, म्हणून एसएमएस किंवा फोनही येतो का ते बघा. तुम्ही उचलला नाही तर दुसऱ्या पालकाला फोन जातो का, तेही बघा. निरोप आलाच नाही, तर त्या बसमध्ये फक्त चढलेल्यांची नोंद होते आहे. न चढलेल्यांचा हिशेब कुणीही करत नाही.