तिसऱ्या दिवशीचं ऊन

मे महिना, नागपूरकडची एखादी साइट, स्लॅबचं काम. मिक्सर सुरू झाला की स्लॅब पुरा होईपर्यंत थांबायचं नाही, हा शिरस्ता. घमेल्यांच्या रांगेत एक पोरगा आहे, कामावरचा तिसरा दिवस. अकरा वाजता त्याचं डोकं ठणकायला लागतं. बारा वाजता पोटरीत गोळा येतो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून तो तसाच बंद करतो, मळमळतंय म्हणून. एव्हाना लघवी गडद पिवळी झालेली असते, पण ते कोणाला सांगणार?

याला ऊन लागायला सुरुवात झाली आहे, आणि इथे थांबवलं तर सहसा एवढ्यावर निभावतं. सावलीत बसवायचं, बूट काढायचे, अंगावर पाणी मारून वारा घालायचा आणि ओआरएस घोट घोट पाजायचं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अर्ध्या तासात तरतरी आली नाही, किंवा उलट्या थांबेनात, तर दवाखाना गाठायचा. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा घमेलं उचलायचं नाही.

तिसरा दिवस मुद्दाम सांगितला. अंगमेहनतीत स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा कामी येतो, बाकीची उष्णता होते. ती घामावाटे बाहेर पडते, पण घाम वाळला तरच. टपकून गेलेला घाम काही थंड करत नाही. म्हणून कोकणच्या दमट हवेत पारा खाली असूनही ऊन बाधतं. लवकर आणि भरपूर घाम सोडायची सवय शरीराला लागायला आठवडा-दोन आठवडे जातात. उन्हाने दगावणाऱ्या कामगारांत नवखे जास्त असतात ते यामुळेच. नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात पाचवा हिस्साच काम द्यावं, मग रोज तेवढंच वाढवत न्यावं. मुकादमाला हे परवडत नाही, मला ठाऊक आहे. तरी सांगतो.

आता आपला पोरगा थांबला नाही असं धरा. अडीच वाजता तो भरलेलं घमेलं घेऊन उलट्या दिशेला चालू लागतो. कोणी हाक मारली तर चिडतो. मुकादम विचारतो, "काय रे, आज वार कोणता?" तो म्हणतो, "आणतो ना."

हा उष्माघात. शरीराच्या आतलं तापमान साधारण 40 अंशांच्या पुढे गेलं आहे आणि मेंदूला झळ बसली आहे. इथे पुष्कळ जण फसतात, कारण अंग घामाने ओलं असतं. उष्माघातात घाम बंद होतो असं आपण ऐकलेलं असतं, पण राबणाऱ्या माणसाला घाम असतानाही उष्माघात होतो. काखेतल्या थर्मामीटरवरही जाऊ नका, तो कमी दाखवतो. असंबद्ध बोलणं, झोकांड्या, झटके, बेशुद्धी यांतलं एक जरी दिसलं तरी पुरे.

एकाने 108 ला फोन लावायचा आणि बाकीच्यांनी लगेच थंड करायला घ्यायचं. गाडीची वाट बघत बसायचं नाही, कारण पहिल्या अर्ध्या तासावर सगळं अवलंबून असतं. साइटवर ताडपत्री असतेच. पोराला सावलीत तिच्यावर निजवा, जाडे कपडे काढा, चौघांनी कडा उचलून धरा की तिचंच टाकं होतं. त्यात पिंपातलं पाणी ओता, बर्फ मिळाला तर तोही टाका, आणि पाणी हाताने ढवळत राहा. एकाने डोकं पाण्याच्या वर धरायचं. ताडपत्री नसेल तर बादल्यांमागून बादल्या अंगावर ओता आणि पुठ्ठ्याने वारा घाला. नुसता ओला दुपट्टा कपाळावर ठेवून भागत नाही. भानावर आला किंवा कुडकुडायला लागला की थांबा.

शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. उलटी झाली तर कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल देऊ नका, ती जंतूंमुळे आलेल्या तापावर चालते, इथे नाही. कांद्याचा रस चोळण्यात दहा मिनिटं गेली तर ती दहा मिनिटं गेलीच.

पोरगा उठून बसेल, "बरं वाटतंय" म्हणेल, तरीही दवाखान्यात न्यायचंच. तापलेल्या स्नायूंची मोडतोड होऊन त्यातला कचरा मूत्रपिंडात अडकतो, आणि तो त्रास काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतो. लघवी काळ्या चहासारखी होते किंवा होतच नाही. यकृताचंही तसंच. सोबत जो जाईल त्याने डॉक्टरांना तीन गोष्टी सांगायच्या: असंबद्ध बोलणं किती वाजता सुरू झालं, पाण्यात किती वेळ ठेवलं, आणि शेवटची लघवी कधी आणि कोणत्या रंगाची झाली.