पहिल्या आणि दुसऱ्या ऑर्डरमधील अंतर

ग्राहकाच्या पहिल्या ऑर्डरपासून दुसऱ्या ऑर्डरपर्यंत गेलेले दिवस. नवा ग्राहक पुढे नियमित होईल का, याचा अंदाज बांधायला हे अंतर वापरतात. हिशेब साधा वाटतो, पण तो चुकतो बहुतेक वेळा एकाच जागी: अजून न परतलेल्यांना त्यातून वगळले जाते.

समजा, एकाच महिन्यात १००० जणांनी पहिली ऑर्डर दिली. त्यांपैकी १२० जण पहिल्या ३० दिवसांत परतले, पुढच्या ३० दिवसांत ६० आणि त्यापुढच्या ३० दिवसांत ३०. दुसऱ्या टप्प्यात ६० ला भागायचे ते १००० ने नव्हे, तर उरलेल्या ८८० ने. अशा रीतीने परतण्याची शक्यता १२ टक्क्यांवरून सुमारे ७ वर आणि मग ४ टक्क्यांच्या खाली येते. याचा अर्थ प्रत्येक ग्राहकाचा उत्साह ओसरत गेला असा नाही. ज्यांना पुन्हा घ्यायचेच होते ते आधी येऊन गेले आणि मागे मुख्यतः एकदाच घेणारे उरले, एवढ्यानेही शक्यता अशीच घसरलेली दिसते.

आता फक्त परतलेल्यांची सरासरी काढली तर काय होते ते पाहा. ज्याने २० दिवसांपूर्वी पहिली ऑर्डर दिली, त्याचे अंतर आज २० दिवसांपेक्षा जास्त असूच शकत नाही. त्यामुळे नवे ग्राहक झपाट्याने वाढत असले की सरासरी आपोआप कमी होते आणि लोक लवकर परतू लागले असा भास होतो. यावर उपाय म्हणजे न परतलेल्यांना ‘आजवर आलेला नाही’ अशा अपूर्ण नोंदीसह हिशेबात ठेवणे. कॅप्लान आणि मायर यांनी १९५८ मध्ये मांडलेली संख्याशास्त्रातली पद्धत नेमकी यासाठी आहे.

दुसरा सापळा तिसऱ्या ऑर्डरच्या वेळी येतो. १८० दिवसांच्या नोंदींत १० व्या दिवशी परतलेल्याला तिसऱ्या ऑर्डरसाठी १७० दिवस मिळतात, १५० व्या दिवशी परतलेल्याला केवळ ३०. मग लवकर परतणारा जास्त निष्ठावान दिसणारच! खरी तुलना करायची तर दुसऱ्या ऑर्डरपासून दोघांनाही सारखेच, उदाहरणार्थ ९० दिवस द्यावे लागतात.

मोजण्याआधी नोंदीही साफ कराव्या लागतात. विसरलेली वस्तू तासाभरात मागवली किंवा माप बदलून घेतले, तर सिस्टीममध्ये दुसरी ऑर्डर दिसते. ग्राहक मात्र परतलेला नसतो. शिवाय महिन्यात संपणारी वस्तू आणि वर्षानुवर्षे टिकणारी वस्तू यांना परतण्यासाठी दिवसांची एकच मर्यादा लावता येत नाही.

सवलतीचे कूपन देऊन दुसरी ऑर्डर लवकर आणता येते, पण अंतर घटले म्हणून ग्राहक नियमित होईलच असे नाही. ते तपासायला काही नव्या ग्राहकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून कूपनविना ठेवतात आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांतील तिसरी ऑर्डर देणाऱ्यांचे प्रमाण ताडून पाहतात.