लघुशोधप्रबंधातील चित्रांचे श्रेय आणि संदर्भनोंद : लोणारच्या तीन चित्रांच्या आधारे

पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे लघुशोधप्रबंध तपासताना चित्राखाली ‘स्रोत : गुगल’ किंवा ‘सौजन्य : इंटरनेट’ असे लिहिलेले वारंवार दिसते. गुगल चित्र शोधून देते, ते त्याचे कर्ते नसते. त्यामुळे अशा ओळीवरून मूळ चित्रापर्यंत कोणालाही पोहोचता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील एका विद्यार्थ्याने लोणारवर प्रबंध लिहिला आहे आणि त्यात दैत्यसूदन मंदिराचे विकिमीडिया कॉमन्सवरील छायाचित्र, भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा आणि गावच्या शाळेत टांगलेले, तेथील चित्रकलेच्या गुरुजींनी काढलेले सरोवराचे जलरंगचित्र वापरायचे आहे, असे समजू.

श्रेयओळ आणि संदर्भनोंद यांची कामे वेगळी आहेत. चित्राखालची श्रेयओळ हे चित्र कोणाचे आहे व कोणत्या अधिकाराने छापले आहे, हे सांगते. संदर्भसूचीतील नोंद ते पुन्हा कोठे सापडेल, हे सांगते. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत दुसऱ्याचे चित्र प्रबंधात छापल्यास दोन्ही द्यावी लागतात. एमएलए पद्धतीत मात्र चित्राखाली पूर्ण तपशील असेल आणि मजकुरात त्याचा अन्यत्र उल्लेख नसेल, तर सूचीत वेगळी नोंद लागत नाही. म्हणून आपल्या विभागाची पद्धत कोणती, हे मार्गदर्शकांना आधी विचारावे.

छायाचित्रासाठी कॉमन्सवरील त्या फाइलचे पान उघडावे. तेथे कर्त्याचे नाव, दिनांक आणि परवाना दिलेला असतो. परवाना CC BY-SA 4.0 हा क्रिएटिव्ह कॉमन्सचा खुला परवाना असेल तर वेगळी परवानगी मागावी लागत नाही, पण अट पाळावी लागते : नाव, परवाना, मूळ पानाचा दुवा आणि आपण केलेला बदल नमूद करायचा. कडा कापल्या असतील तर तेही लिहायचे. श्रेयओळ अशी होईल : ‘आकृती १. दैत्यसूदन मंदिर, लोणार. छायाचित्र : (कर्त्याचे नाव, पानावर आहे तसेच), विकिमीडिया कॉमन्स, CC BY-SA 4.0, कडा कापल्या आहेत.’ सूचीत कर्ता, वर्ष, शीर्षक, चौकटी कंसात ‘छायाचित्र’, संकेतस्थळ आणि दुवा या क्रमाने नोंद येते.

नकाशात सर्वाधिक चुका होतात. सर्वेक्षण विभागाच्या नकाशा-पत्रकावरून, म्हणजे टोपोशीट क्र. ५६ ए/९ वरून, विद्यार्थ्याने विवराची कड, ओढे आणि रस्ते संगणकावर स्वतः गिरवले, म्हणून तो नकाशा पूर्णपणे त्याचा होत नाही. रेखांकन त्याचे आहे, माहिती सर्वेक्षण विभागाची आहे, आणि श्रेयओळीत हे दोन्ही दिसले पाहिजे : ‘आकृती २. लोणार विवर व परिसर. भारतीय सर्वेक्षण विभाग, टोपोशीट क्र. ५६ ए/९, १:५०,००० यावर आधारित. रेखांकन : प्रबंधलेखक.’ सूचीत विभाग हाच कर्ता मानावा आणि पत्रकावर छापलेले आवृत्तीचे वर्ष द्यावे, आपण ते उतरवून घेतल्याचे वर्ष नव्हे. येथे एक गोष्ट नेमकी पाहावी. १:५०,००० वर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील पाचशे मीटर. तेच पत्रक पानावर बसवण्यासाठी निम्मे केले की एक सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर होतो. मग ‘प्रमाण १:५०,०००’ ही ओळ आकृतीचे प्रमाण म्हणून खोटी ठरते. ते प्रमाण मूळ पत्रकाचे म्हणूनच लिहावे आणि आकृतीवर रेषाप्रमाण काढावे, कारण नकाशा लहान केला की तेही त्याच मापाने लहान होते.

जलरंगचित्राचे प्रकरण नाजूक आहे. मोबाइलवर फोटो आपण काढला तरी चित्र चित्रकलेच्या गुरुजींचेच राहते. भारतीय कायद्यात चित्रावरील हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले, म्हणून त्यांच्या चित्रांना आज परवानगी लागत नाही (श्रेय मात्र द्यावेच). गुरुजी हयात आहेत, त्यांना विचारले पाहिजे. चित्र शाळेच्या भिंतीवर आहे म्हणून मुख्याध्यापकांची संमती पुरत नाही, कारण चित्राचा ताबा आणि त्यावरील कॉपीराइट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संशोधनासाठी वाजवी वापराची सवलत कायद्यात आहे, परंतु पुढे प्रबंधाचे पुस्तक झाले तर तिच्यावर विसंबू नये. म्हणून लेखी परवानगी आत्ताच घेतलेली बरी.

अर्ज एका पानाचा पुरतो. त्यात चित्राचे शीर्षक व लहान प्रतिमा, प्रबंधाचे नाव, वापर छापील प्रतीत की संगणकीय प्रतीतही, पुढे पुस्तकात छापण्याची मुभा आहे का, आणि चित्राखाली नेमकी कोणती ओळ छापली जाईल, हे लिहून खाली गुरुजींची सही व दिनांक घ्यावा. एक प्रत त्यांच्याकडे ठेवून दुसरी प्रबंधाच्या परिशिष्टात जोडावी. श्रेयओळीत चित्रकार, वर्ष, माध्यम, चित्र कोठे आहे, ‘चित्रकाराच्या परवानगीने’ आणि शेवटी फोटो काढणाऱ्याचे नाव येते. सूचीत दुव्याच्या जागी शाळेचे नाव व गाव लिहिले जाते.

समाजमाध्यमावरून आलेल्या ज्या चित्राचा कर्ता उलट प्रतिमाशोध करूनही सापडत नाही, ते प्रबंधात घेऊ नये. लोणार दूर नाही. त्या जागी स्वतः काढलेले छायाचित्र घालावे आणि त्याखाली आपले नाव, ठिकाण व दिनांक लिहावा. त्याची संदर्भसूचीत नोंद करावी लागत नाही.